फोनवरून थ्रीडी प्रिंटरला फाइल पाठवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे प्रामुख्याने एंडर ३ आणि त्याच्यासारख्या, मार्लिन फर्मवेअरवर चालणाऱ्या घरगुती प्रिंटरांना उद्देशून आहेत, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक प्रश्न याच प्रिंटरांविषयी असतात. फोन अँड्रॉइडचा आहे असे गृहीत धरले आहे. आयफोनसाठी प्रश्न १० पाहावा. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या फोनमध्ये एसटीएल फाइल आहे. ती प्रिंटरला पाठवली की छपाई सुरू होईल का?

नाही. एसटीएल फाइलमध्ये वस्तूचा फक्त आकार असतो. नोझल कोठून कोठे न्यायचे, किती तापवायचे आणि फिलामेंट किती ढकलायचे यांपैकी काहीही तिच्यात नसते. त्या आकाराचे थर पाडून प्रिंटरला समजणाऱ्या आज्ञांची यादी तयार करण्याचे काम स्लायसर करतो आणि तयार होणाऱ्या फाइलच्या नावाअखेरीस `.gcode` असते. संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारा किरीमोटो हा स्लायसर वापरता येतो, मात्र मोठ्या आकृतीवर साधा फोन बराच वेळ घेतो आणि कधी कधी ब्राउझर मध्येच बंद पडतो.

मित्राने पाठवलेली तयार `.gcode` फाइल वापरताना ती कोणत्या प्रिंटरसाठी केली आहे हे आधी विचारून घ्यावे. मोठ्या बेडसाठी केलेली फाइल लहान प्रिंटरवर चालवली तर नोझल कडेला जाऊन अडते आणि मोटर कर्र-कर्र आवाज करत राहते. क्लिपर फर्मवेअरसाठी केलेल्या फाइलच्या सुरुवातीला अनेकदा `START_PRINT` अशी आज्ञा असते. मार्लिनला ती कळत नाही, तो तिला वगळून पुढे जातो आणि तापवण्याची सर्व कामे त्या एका आज्ञेवर सोपवलेली असतील तर नोझल थंडच राहते.

२. फोन केबलने प्रिंटरला जोडला, पण फाइल मॅनेजरमध्ये प्रिंटर पेनड्राइव्हसारखा दिसत नाही. केबल खराब आहे का?

बहुधा केबल ठीक आहे आणि अपेक्षा चुकली आहे. एंडर ३च्या मिनी किंवा मायक्रो यूएसबी पोर्टामागे साठवणूक नसून सिरियल जोडणी असते. अनेक बोर्डांवर त्यासाठी सीएच३४० नावाची चिप बसवलेली असते. या जोडणीतून एकेक ओळ मजकूर जातो आणि एकेक ओळ उत्तर येते. फाइल म्हणजे काय हे त्या तारेला ठाऊकच नसते, म्हणून प्रिंटरमध्ये मेमरी कार्ड घातलेले असले तरी ते फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये उमटत नाही. या जोडणीचा उपयोग करण्यासाठी सीएच३४०शी बोलू शकणारे सिरियल टर्मिनलचे किंवा थ्रीडी प्रिंटर चालवण्याचे अ‍ॅप लागते.

काही नव्या प्रिंटरांना पेनड्राइव्ह लावण्यासाठी चपटा, मोठा यूएसबी पोर्ट असतो आणि तेथे फोनच लावून पाहिल्याचे अनेक जण कळवतात. तेही चालत नाही. आजचे अँड्रॉइड फोन संगणकाला जोडल्यावर पेनड्राइव्हचे रूप घेत नाहीत, ते एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने फाइली दाखवतात आणि प्रिंटरचे फर्मवेअर ती पद्धत जाणत नाही. त्या पोर्टात खरा पेनड्राइव्हच लावावा लागतो.

३. मग कोणती केबल घ्यावी?

यूएसबीच्या जोडणीत एक बाजू यजमान असते आणि दुसरी पाहुणी. प्रिंटर नेहमी पाहुणा असतो, त्यामुळे यजमानपण फोनकडे यावे लागते आणि त्यासाठी फोनच्या बाजूला ओटीजी अ‍ॅडॉप्टर लावून त्यात प्रिंटरबरोबर आलेली केबल खोचावी. प्रिंटरची केबल हरवली असेल तर चार्जरच्या खोक्यातली कोणतीही केबल चालेल असे समजू नये, कारण काही स्वस्त केबलींमध्ये केवळ वीज वाहणाऱ्या तारा असतात आणि डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने प्रिंटरचा डिस्प्ले कदाचित उजळेल, पण अ‍ॅपला प्रिंटर सापडणार नाही. संशय आल्यास त्याच केबलने फोन संगणकाला जोडून एखादा फोटो उतरतो का ते पाहावे, अर्थात केबलीचे टोक फोनला बसत असेल तर.

प्रिंटरचा पोर्ट टाइप-सी असेल तर थोडी सावधगिरी हवी. काही बोर्डांवर या पोर्टासाठी लागणारे दोन छोटे रोधक बसवलेले नसतात आणि मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की फोनला समोर काही जोडले आहे याचा पत्ताच लागत नाही. फोनला ओटीजी अ‍ॅडॉप्टर आणि तेथून चपट्या यूएसबीपासून टाइप-सीपर्यंतची केबल, अशी जोडणी केल्यास हीच अडचण दूर होते.

४. जोडणी खरोखर झाली आहे हे छपाई सुरू करण्याआधी कसे ओळखावे?

केबल लावताच अँड्रॉइड संबंधित अ‍ॅपला यूएसबी उपकरण वापरू द्यायचे का असे विचारतो. ही चौकट आली म्हणजे फोन यजमान झाला. त्याऐवजी फोन चार्ज होत असल्याची सूचना आली तर भूमिका उलटल्या आहेत आणि अ‍ॅडॉप्टर तपासायला हवा.

त्यानंतर अ‍ॅपमध्ये बॉड रेट निवडायचा असतो. एंडर मालिकेत तो 115200 असतो, तर इतर काही मार्लिन बोर्डांवर 250000 असतो. जोडणी झाल्यावर `M105` ही आज्ञा पाठवावी. ती केवळ तापमान विचारते, काहीही हलवत किंवा तापवत नाही. उत्तर साधारण असे येते:

```
ok T:29.10 /0.00 B:28.75 /0.00 @:0 B@:0
```

येथे T म्हणजे नोझलचे आणि B म्हणजे बेडचे तापमान. उत्तरात अर्थहीन चिन्हे आली तर बॉड रेट चुकला आहे, तार नव्हे. काहीच उत्तर आले नाही तर केबल, अ‍ॅपला दिलेली परवानगी आणि आज्ञेनंतर नवी ओळ पाठवण्याचा अ‍ॅपमधील पर्याय या क्रमाने तपासावे. हा शेवटचा पर्याय बंद असेल तर प्रिंटर आज्ञा पूर्ण होण्याची वाट पाहत गप्प बसतो.

५. फोन केबलने जोडून अ‍ॅपमधूनच सगळी छपाई चालवली तर काय बिघडते?

लहान वस्तू निघते. मोठ्या वस्तूसाठी आम्ही ही पद्धत सुचवत नाही. फाइल एकदा प्रिंटरपाशी पोचवणे आणि छपाई संपेपर्यंत तिच्यातील ओळी एकेक करून भरवत राहणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले काम फोन उत्तम करतो. दुसऱ्यात फोन हा छपाईच्या यंत्रणेचाच भाग होतो आणि तो तासन्‌तास न थकता, न थांबता त्या कामी राहावा लागतो.

भरवण्याची रीत अशी असते की फोन ओळीला क्रमांक आणि शेवटी पडताळणीचा आकडा जोडून ती पाठवतो, प्रिंटर आकडा जुळवून पाहतो आणि `ok` म्हणतो. जुळला नाही तर `Resend` म्हणून तीच ओळ पुन्हा मागतो. उदाहरणार्थ, पाचव्या ओळीत नोझल मूळ जागी नेण्याची आज्ञा असेल तर ती अशी जाते:

```
N5 G28*22
```

आता गोल फुलदाणी छापताना काय होते ते पाहू. वक्राचे स्लायसरने ०.३ मिलिमीटरचे तुकडे केले आहेत आणि वेग सेकंदाला ६० मिलिमीटर आहे असे धरले, तर प्रिंटरला सेकंदाला २०० ओळी हव्यात, म्हणजे एका ओळीला ५ मिलिसेकंद मिळतात. क्रमांक आणि पडताळणीचा आकडा धरून ओळ सुमारे ४० अक्षरांची होते. 115200 बॉडवर सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० अक्षरे जातात, त्यामुळे ती ओळ तारेतून जायलाच साधारण साडेतीन मिलिसेकंद लागतात. उरलेल्या दीड मिलिसेकंदात प्रिंटरचे उत्तर फोनपर्यंत यायचे, अँड्रॉइडने ते अ‍ॅपला द्यायचे आणि अ‍ॅपने पुढची ओळ सोडायची. मार्लिन साधारण १६ हालचाली आगाऊ साठवून ठेवतो, पण अशा वक्रावर तो साठा ८० मिलिसेकंदांत संपतो. एखादी सूचना आली आणि फोन तेवढा वेळ दुसरीकडे गुंतला, की नोझल क्षणभर थबकते आणि त्या जागी प्लास्टिकचा बारीक फोड उठतो. म्हणून वस्तूच्या सरळ भिंती गुळगुळीत आणि वक्र भागांवर मात्र पुरळ आल्यासारखे दिसत असेल, आणि तीच फाइल कार्डावरून छापल्यावर ते नाहीसे होत असेल, तर दोष फिलामेंटचा नसून भरवण्याचा आहे.

दुसरा धोका याहून मोठा आहे. पडदा बंद झाल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड पार्श्वभूमीतील अ‍ॅप थांबवू शकतो. ओळी येणे थांबले तरी मार्लिन स्वतःहून हीटर बंद करत नाही, कारण निष्क्रियतेवर सर्व काही बंद करणारी `M85` ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. नोझल २०० अंशांवर वस्तूत रुतून बसते आणि तेथील प्लास्टिक करपत राहते. थेट छपाई करायचीच असेल तर त्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळावे, फोन विमान मोडवर ठेवावा आणि खोलीत थांबावे.

६. केबलमधूनच फाइल प्रिंटरच्या कार्डावर उतरवता येणार नाही का?

येते, आणि थेट छपाईपेक्षा ते बरे, पण हळू आहे. मार्लिनमध्ये `M28` ही आज्ञा दिल्यावर पुढे येणाऱ्या ओळी अमलात न आणता कार्डावर लिहिल्या जातात, `M29` दिल्यावर लिहिणे थांबते, `M23`ने फाइल निवडली जाते आणि `M24`ने छपाई सुरू होते. नाव आठ अक्षरांच्या आत आणि साधे ठेवावे:

```
M28 DABA.GCO
(फाइलच्या सर्व ओळी)
M29
M23 DABA.GCO
M24
```

कंसातील ओळ येथे केवळ जागा दाखवण्यासाठी आहे. तिच्या जागी अ‍ॅप फाइलचा मजकूर पाठवते.

वेळेचा हिशोब असा. १२ एमबीची फाइल, म्हणजे सुमारे १ कोटी २६ लाख अक्षरे. सेकंदाला ११,५२० या कमाल वेगाने ती जायला १८ मिनिटे लागतात. प्रत्येक ओळीला क्रमांक आणि पडताळणीचा आकडा जोडला की मजकूर सुमारे एकतृतीयांशाने वाढतो आणि वेळ पंचवीस मिनिटांच्या आसपास जातो. `ok`ची वाट पाहण्यात जाणारा वेळ त्याहून वेगळा, त्यामुळे अर्धा तास तरी हाताशी ठेवावा. तीच फाइल कार्ड रीडरने काही सेकंदांत उतरते.

यातील सर्वांत घातक विसर म्हणजे `M29` न देणे. मग त्यानंतर दिलेली प्रत्येक आज्ञा, अगदी छपाई सुरू करण्याची आज्ञासुद्धा, मुकाट्याने त्या फाइलमध्ये लिहिली जाते आणि प्रिंटर काहीच का करत नाही याचे कोडे पडते.

७. कार्डावरून छपाई चालू होती. तापमान पाहावे म्हणून फोन केबलने जोडला आणि प्रिंटर पहिल्यापासून सुरू झाला. असे का झाले?

अनेक बोर्डांवर, विशेषतः जुन्या आठ-बिट बोर्डांवर, सिरियल जोडणी उघडताना जाणारा एक संकेत प्रोसेसरच्या रिसेटला जोडलेला असतो. संगणकावरून नवे फर्मवेअर चढवणे सोपे जावे म्हणून ती सोय केलेली असते, पण तिचा परिणाम असा की अ‍ॅपमध्ये जोडणीचे बटण दाबताच प्रिंटर नव्याने सुरू होतो आणि चालू छपाई जाते. नव्या ३२-बिट बोर्डांपैकी पुष्कळांवर असे होत नाही. आपला बोर्ड कोणत्या प्रकारचा आहे हे रिकाम्या प्रिंटरवर एकदा जोडणी करून पाहावे. डिस्प्लेवर सुरुवातीचे चिन्ह पुन्हा आले, तर छपाईच्या वेळी केबलला हात लावू नये.

८. प्रिंटरचा मुख्य स्विच बंद आहे, तरी फोन लावल्यावर डिस्प्ले उजळतो. हे चालेल का?

फोनमधून येणारी ५ व्होल्टची वीज केबलवाटे बोर्डात शिरते, म्हणून असे होते. हीटर आणि मोटर या विजेवर चालत नाहीत, पण फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि बंद समजलेला बोर्ड जागा राहतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे केबलीच्या चपट्या टोकातील चार पट्ट्यांपैकी कडेच्या ५ व्होल्टच्या पट्टीवर कापटॉन टेपचा बारीक तुकडा चिकटवणे. कोणती पट्टी कोणती याची खात्री नसेल तर हा उपाय करू नये. आधी प्रिंटर चालू करून मग फोन जोडणे आणि प्रिंटर बंद करण्याआधी फोन काढणे एवढी शिस्तही पुरते.

९. मग फोनवरून फाइल नेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग कोणता?

ओटीजी कार्ड रीडर. प्रिंटरमधील मायक्रो एसडी कार्ड काढून रीडरमध्ये घालावे, रीडर फोनला लावावा, फाइल कार्डाच्या सर्वांत बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि सूचनापट्टीतून कार्ड रीतसर बाहेर काढण्याचा पर्याय दाबल्यावरच रीडर ओढावा. कॉपी पूर्ण झाल्याचे दिसल्यावरही शेवटचा काही भाग फोनच्या मेमरीत रेंगाळलेला असू शकतो, म्हणून ही पायरी वगळू नये.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचे आणि एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असावे. ६४ जीबीची कार्डे विकत घेताना बहुधा एक्सएफएटीमध्ये येतात आणि मार्लिन ती वाचत नाही. कार्ड नीट असूनही फाइल यादीत दिसत नसेल तर तिच्या नावाचा शेवट तपासावा. काही फोन उतरवलेल्या फाइलला स्वतःहून `.txt` जोडतात आणि `daba.gcode.txt` या नावाची फाइल प्रिंटर दाखवत नाही. फाइल मॅनेजर शेवट लपवत असेल तर नाव बदलण्याची चौकट उघडल्यावर खरे नाव दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल मागवताना ती दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगावे.

१०. माझ्याकडे आयफोन आहे. वरीलपैकी काय लागू होते?

केबलने सिरियल जोडणी करण्याचा मार्ग आयफोनवर बंद आहे, कारण अशा सर्वसाधारण यूएसबी चिपशी बोलण्याची मुभा तेथील अ‍ॅपना नसते. त्यामुळे प्रश्न ४ ते ६ आयफोनला लागू होत नाहीत. कार्ड रीडरचा मार्ग मात्र आयओएस १३पासून खुला आहे. फाइल्स अ‍ॅपमध्ये कार्ड दिसते आणि त्यावर फाइल ठेवता येते. वायफायचे मार्गही ब्राउझरमधून तसेच चालतात.

११. माझ्या एंडर ३ला वायफाय नाही. फोनवरून बिनतारी फाइल पाठवण्यासाठी काय जोडावे लागेल?

सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यावर २०१२पासून विकसित होत असलेले ऑक्टोप्रिंट हे मुक्त सॉफ्टवेअर. पाय यूएसबी केबलने प्रिंटरला कायमचा जोडलेला राहतो आणि घरच्या वायफायवर असतो. फोनच्या ब्राउझरमध्ये `http://octopi.local` उघडून लॉगिन करायचे, अपलोडचे बटण दाबून `.gcode` फाइल निवडायची, एवढेच फोनचे काम. पाय ३बी किंवा त्यापुढचा घ्यावा. पहिला झीरो डब्ल्यू स्वस्त असला तरी या कामाला अपुरा पडतो आणि ऑक्टोप्रिंटच्या निर्मात्यांनीही तो न वापरण्याचा सल्ला दिला आहे.

येथे अनेकांचा एक गोंधळ होतो, तो दूर करायला हवा. फाइल पायवर पोचली की फोनचा संबंध संपतो. फोन बंद केला, घराबाहेर नेला किंवा वायफाय गेले तरी छपाई चालू राहते. मात्र पाय आणि प्रिंटर यांच्यामध्ये अजूनही तीच सिरियल तार असते आणि भरवण्याचे काम आता पाय करतो. त्याला फोन येत नाहीत आणि तो झोपत नाही, म्हणून प्रश्न ५मधील थबकणे बरेच कमी होते, पण खूप बारीक तुकड्यांच्या वक्रांवर तारेची मर्यादा त्यालाही चुकत नाही. ऑक्टोप्रिंटमध्ये फाइल प्रिंटरच्या एसडी कार्डावर पाठवण्याचाही पर्याय आहे. तो निवडल्यास फाइल वायफायने क्षणात पायपर्यंत येते आणि तेथून पुढे प्रश्न ६मधील मंद गतीने जाते, त्यामुळे तो पर्याय न वापरणेच बरे.

क्लिपर फर्मवेअर वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे गणिताचे काम पायच करतो आणि तारेतून `.gcode`च्या ओळींऐवजी मोटरांसाठी तयार केलेल्या संक्षिप्त सूचना जातात. फोनवरून मेनसेल किंवा फ्लुइड या पानांतून फाइल चढवायची. प्रिंटरमध्येच वायफाय असेल तर फाइल त्याच्या स्वतःच्या साठवणीत जाते आणि मधली सिरियल तारच उरत नाही.

१२. फोन आणि प्रिंटर एकाच वायफायवर आहेत, तरी फोनला प्रिंटर सापडत नाही. काय तपासावे?

प्रथम ते खरोखर एकाच जाळ्यावर आहेत का ते पाहावे. अनेक प्रिंटरांतील वायफाय चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झना वेगवेगळी नावे दिलेली असतील आणि प्रिंटरच्या यादीत आपले नाव दिसतच नसेल, तर हेच कारण आहे. फोन ५वर आणि प्रिंटर २.४वर असणे यात मुळात काही अडचण नसते, कारण राउटर दोघांना एकमेकांशी बोलू देतो. अडचण पाहुण्यांसाठीच्या वायफायवर होते. तेथे, तसेच वसतिगृहे आणि महाविद्यालयांच्या वायफायवर, उपकरणांना इंटरनेट मिळते पण एकमेकांशी बोलता येत नाही. अशा ठिकाणी प्रिंटरची कोणतीही मांडणी बदलून उपयोग होत नाही.

दुसरे कारण `.local` ने संपणारे पत्ते. जुन्या अँड्रॉइडवर ते उघडत नाहीत. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून पायचा किंवा प्रिंटरचा आयपी पत्ता पाहावा आणि तोच ब्राउझरमध्ये टाकावा, उदाहरणार्थ `http://192.168.1.42`. तो उघडला तर बिघाड केवळ नावाचा होता. राउटर हा पत्ता पुढेमागे बदलू शकतो, म्हणून राउटरमध्येच तो त्या उपकरणासाठी राखून ठेवावा.

तिसरे कारण फोनचा मोबाइल डेटा. वायफायवर इंटरनेट नसेल, जसे प्रिंटरने स्वतः उभारलेल्या वायफायवर नसते, तर अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि प्रिंटरला केलेली हाक भलतीकडे जाते. फाइल पाठवेपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवावा. फोनवरील व्हीपीएनमुळेही हीच लक्षणे दिसतात.

१३. घरी राउटर नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर प्रिंटर चालेल का?

चालतो. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा. आयफोन १२ आणि त्यापुढील फोनांत त्यासाठी कमाल सुसंगततेचा पर्याय चालू करावा लागतो. हॉटस्पॉट पुन्हा सुरू केल्यावर प्रिंटरचा पत्ता बदलू शकतो, तेव्हा तो हॉटस्पॉटच्या जोडलेल्या उपकरणांत पाहावा. फाइल पूर्ण चढल्यावर हॉटस्पॉट बंद केला तरी छपाई थांबत नाही.

१४. फाइल पूर्ण पोचली की अर्धवट, हे कसे कळणार?

फोनवरील आणि प्रिंटर किंवा पायवरील फाइलचा आकार बाइटपर्यंत ताडून पाहणे हा सोपा मार्ग. त्याहून पक्का मार्ग म्हणजे कार्ड रीडरने फाइल मजकूर म्हणून उघडून तिचा शेवट पाहणे. पूर्ण फाइलच्या शेवटाजवळ नोझल आणि बेड बंद करणाऱ्या `M104 S0` आणि `M140 S0` अशा आज्ञा असतात. त्यानंतर काही स्लायसर आपल्या मांडणीची लांबलचक नोंद जोडतात, ती ओलांडून वर पाहावे.

अर्धवट फाइलचे लक्षण असे की छपाई एका थरापर्यंत निर्दोष होते, प्रिंटर काम संपल्याचे दाखवतो, पण नोझल वस्तूवरच उभे असते आणि गरमच राहते, कारण बंद करण्याच्या आज्ञा त्याच्यापर्यंत आलेल्याच नसतात. अशा वेळी आधी डिस्प्लेवरून थंड करण्याचा पर्याय निवडून मगच कारण शोधावे.

१५. आमच्याकडे वीज वरचेवर जाते. कोणत्या पद्धतीत छपाई पुन्हा पुढे चालू करता येते?

मार्लिनमधील वीज गेल्यानंतर पुढे चालू करण्याची सोय केवळ प्रिंटरच्या कार्डावरून चाललेल्या छपाईसाठी आहे, कारण आपण कितव्या ओळीवर होतो याची नोंद प्रिंटर त्या कार्डाच्या संदर्भाने ठेवतो. फोनने किंवा ऑक्टोप्रिंटने भरवलेल्या छपाईत कोणती फाइल चालू होती हेच प्रिंटरला माहीत नसते. त्यामुळे ज्या भागात भारनियमन आहे तेथे पायची सोय असली तरी लांब छपाई कार्डावरून करावी. ही सोय चालू आहे का हे `M413` पाठवून कळते आणि `M413 S1`ने ती चालू होते, अर्थात फर्मवेअर तयार करताना ती समाविष्ट केली असेल तरच.

राउटर इन्व्हर्टरवर ठेवल्याने याबाबतीत काही साधत नाही. वीज गेल्यावर बेड थंड होतो आणि वस्तू बेडवरून सुटते. तसे झाले असेल तर पुढे चालू करण्याचा पर्याय निवडूच नये.

१६. जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. रास्पबेरी पायऐवजी तोच वापरता येईल का?

येतो. ऑक्टोफोरए या मुक्त अ‍ॅपमुळे ऑक्टोप्रिंट थेट अँड्रॉइड फोनवर चालते आणि फोनचा कॅमेराही छपाईवर लक्ष ठेवायला मिळतो. खरा अडसर चार्जिंगचा असतो. ओटीजीने यजमान झालेला फोन त्याच पोर्टातून चार्ज होईलच असे नाही आणि ते त्या त्या मॉडेलवर अवलंबून असते. वीज आत घेणारा टाइप-सी हब काही फोनांवर चालतो, काहींवर नाही. आधी तीन-चार तास जोडून ठेवून बॅटरीची टक्केवारी वाढते की घटते ते पाहावे आणि मगच त्यावर मोठी छपाई सोपवावी. बॅटरी फुगलेला फोन या कामाला मुळीच घेऊ नये.

१७. कार्यालयातून घरच्या ऑक्टोप्रिंटवर फाइल पाठवायची आहे. राउटरमध्ये पोर्ट उघडून दिला तर चालेल का?

तसे करू नये. २०१८मध्ये सुरक्षा संशोधकांना साडेतीन हजारांहून अधिक ऑक्टोप्रिंट जागतिक जाळ्यावर उघडी सापडली होती, त्यांतील अनेकांवर पासवर्डही नव्हता. ज्याच्या हाती ते पान पडेल त्याला नोझल आणि बेड तापवता येतो. टेलस्केलसारखे व्हीपीएन पाय आणि फोन या दोन्हींवर बसवले की राउटरमध्ये काहीही न उघडता बाहेरून घरचे पान दिसते. फाइल बाहेरून चढवून ठेवावी, पण छपाई मात्र घरी कोणी असतानाच सुरू करावी, कारण बेडवर आधीची वस्तू तशीच राहिलेली आहे का हे दुरून नेहमी कळत नाही.

१८. फाइलचे नाव मराठीत ठेवले तर प्रिंटरवर चौकोन किंवा निरर्थक अक्षरे दिसतात. फाइल खराब झाली का?

फाइल ठीक आहे. प्रिंटरच्या डिस्प्लेमधील अक्षरसंचात देवनागरी नसते, म्हणून तो नाव दाखवू शकत नाही आणि काही बोर्डांवर अशी फाइल निवडताही येत नाही. पाठवण्यापूर्वी नाव रोमन अक्षरे आणि आकड्यांत, मोकळी जागा न ठेवता लिहावे.